आधी बैठक, मग श्वास: पहिल्या योगवर्गात 'आसन' आणि 'प्राणायाम' म्हणजे काय

योगवर्गात पाऊल टाकायच्या कितीतरी आधी हे दोन्ही शब्द तुमच्या कानावरून गेलेले असतात. घरी सत्यनारायण असतो. गुरुजी पाट मांडतात, त्यावर लोकरीचं आसन घालतात आणि "बसा आसनावर" म्हणतात. आचमन होतं, मग "प्राणायाम करा" होतं. यजमान नाकाला बोटं लावतात आणि लगेच खाली घेतात, कारण पुढं पाच अध्याय आहेत आणि प्रसादाचा शिरा गार व्हायला लागलाय. पण त्या घाईतही क्रम कुणी चुकवत नाही. आधी आसन, मग प्राणायाम. पहिल्या वर्गात समजून घ्यायचं ते एवढंच, फक्त ते नीट समजायला दोन-तीन आठवडे लागतात.

मी बेळगावच्या शहापूर-वडगाव भागातल्या एका सकाळच्या वर्गात नवीन माणसांच्या रांगेत मदतीला उभा असतो. शिकवणारे सर वेगळे आहेत. माझं काम म्हणजे कुणाचा गुडघा दुखतोय, कुणी श्वास कोंडून धरलाय, कुणाला खाली अजून एक चादर हवी आहे हे बघणं. तिथं जे रोज दिसतं तेच इथं सांगतो.

येण्याआधी

पोट रिकामं हवं. सकाळचा वर्ग असेल तर प्रश्नच नाही, पाणी पिऊन या. संध्याकाळचा असेल तर जेवणानंतर तीन ते चार तास, चहा-फराळानंतर दीड-दोन तास जाऊ द्या. कपडे सैल, कंबरेचा पट्टा नको. सोबत सतरंजी आणि एक जाड चादर आणा. घरात घोंगडी असेल तर ती उत्तम, का ते पुढं येईलच. खानापूरकडच्या लोकांना तर मी आषाढ-श्रावणात दोन थर आणा म्हणतो. त्या दिवसांत फरशीला घाम सुटलेला असतो आणि ओल खालून अंगात चढते.

रक्तदाब, हृदयाचा त्रास, काचबिंदू, हर्निया, अलीकडची शस्त्रक्रिया, गरोदरपण यातलं काही असेल तर वर्ग सुरू व्हायच्या आधी शिकवणाऱ्यांना बाजूला घेऊन सांगा, आणि डॉक्टरांनाही विचारून या. लाजून न सांगणारे फार. मग मधेच ओणवं व्हायला सांगितलं की त्यांची पंचाईत होते.

आपल्याकडं वर्ग बहुधा दोन भाषांत चालतो. सर मराठीत "श्वास घ्या, श्वास सोडा" म्हणतात आणि त्याच दमात कन्नडमध्ये "उसिरु तेगेदुकोळ्ळि, उसिरु बिडि" म्हणतात. 'उसिरु' म्हणजे श्वास आणि 'बिडि' म्हणजे सोडा. निपाणीचे एक काका पहिल्याच दिवशी हे ऐकून खुदकन हसले. आयुष्य तंबाखूच्या व्यापारात गेलेलं, त्यांना 'बिडि' शब्दाचा एकच अर्थ माहीत. "सर, सोडूनच तर आलोय की वो!" म्हणाले. आसन आणि प्राणायाम हे शब्द मात्र दोन्ही भाषांत तेच राहतात, त्यामुळं तिथं कुणाचा गोंधळ व्हायला नको. तरी होतो, आणि तो भाषेमुळं होत नाही.

आसन: शब्दात काय आहे

'आस्' या संस्कृत धातूचा अर्थ बसणं. त्यापासून आसन झालं, म्हणजे बसण्याची क्रिया आणि बसायची जागाही. मराठीत हे दोन्ही अर्थ जिवंत आहेत. सभेत "आसनस्थ व्हा" म्हणतात, राजाचं सिंहासन असतं, एसटीच्या तिकिटावर आसन क्रमांक असतो. त्यामुळं 'आसन' ऐकल्यावर पाय मानेमागं घेतलेला माणूस डोळ्यांपुढं येण्याचं काही कारण नाही. तो येतो, कारण आपण फोटो तसे बघितलेले असतात.

पतंजलींच्या योगसूत्रांत आसनाची व्याख्या दोनच शब्दांची आहे: स्थिरसुखमासनम्. जे स्थिर आहे आणि सुखाचं आहे ते आसन. कुठला पाय कुठं ठेवायचा याबद्दल सूत्रात अक्षर नाही. हठप्रदीपिका या हठयोगाच्या जुन्या ग्रंथात 15 आसनांचं वर्णन आहे आणि त्यात उभं राहून करायचं एकही नाही. आज वर्गात उभ्याची, ओणव्याची, पोटावरची, पाठीवरची अशी कितीतरी आसनं करवून घेतात, आणि ती हवीच आहेत. दिवसभर खुर्चीवर, मोटारसायकलवर किंवा मागावर बसणारं शरीर एकदम स्थिर बसूच शकत नाही, म्हणून आधी ते सगळीकडून मोकळं करावं लागतं. पण उभ्याच्या ताडासनालाही कसोटी तीच लागते. स्थिर आहे का, आणि सुखाचं आहे का?

या दोन शब्दांतला एकच धरून चालत नाही. कॉटवर लोळणं सुखाचं आहे, पण पाच मिनिटांत कूस बदलावी लागते. दात-ओठ खाऊन पद्मासनात अडकून बसलेला माणूस हलत नाही, पण त्यात सुख कुठलं? दोन्ही एकत्र आले की ते आसन.

मांडी घालून बसणं, पायरी पायरीनं

पहिल्या दिवशी याच एका गोष्टीला वेळ द्या, कारण प्राणायाम याच्यावरच उभा राहणार आहे.

साधी मांडी घाला, जेवायला बसतो तशी. आता आरशात किंवा शेजारच्याला विचारून एकच गोष्ट बघा, गुडघे कंबरेच्या हाडापेक्षा वर आहेत की खाली? नव्यांपैकी बहुतेकांचे वर असतात. तसं झालं की कंबर मागं ढकलली जाते, पाठीला पोक येतं, बरगड्या पोटावर येतात आणि छातीला फुलायला जागा उरत नाही. अशा बसण्यात कितीही "ताठ बसा" म्हणून ओरडलं तरी माणूस मिनिटभर ताठ बसतो आणि पुन्हा खचतो. चूक त्याच्या इच्छाशक्तीची नसते, उंचीची असते.

म्हणून चादर किंवा घोंगडी घडी करून तिच्या कडेवर बसा. फक्त बुड वर, पाय खाली जमिनीवर. घडी साधारण चार बोटं उंच असावी. गुडघे अजून वर राहिले तर आणखी एक घडी. घोंगडी मी यासाठीच सुचवतो, ती दबत नाही. उशी घेतली तर दोन मिनिटांत सपाट होते. गुडघे अधांतरी राहिले तर त्यांच्याखाली टॉवेलची गुंडाळी सरकवा. आता बसायच्या दोन्ही हाडांवर सारखा भार आहे का बघा, हात मांड्यांवर ठेवा, खांदे कानांपासून लांब जाऊ द्या, हनुवटी किंचित आत.

मांडीच घालता येत नसेल तर खुर्ची घ्या. पाठ न टेकता, पावलं पूर्ण जमिनीवर. तेही आसनच आहे, मी त्याला कमी समजत नाही. वज्रासन मात्र गुडघेदुखीवाल्यांनी सर्वांचं बघून करू नये.

एक उदाहरण

वडगावच्या एका मावशी आल्या होत्या, वय पन्नासच्या आसपास. घरात माग, साड्यांचं काम, तीस वर्षं पुढं वाकून बसणं. पहिल्या दिवशी म्हणाल्या, "मला आसनं काय जमायची नाहीत, मी आपलं प्राणायाम तेवढं शिकते. बसूनच करायचं असतंय नव्हं?"

हा हिशेब फार जण करतात. आसन म्हणजे कष्टाचं, प्राणायाम म्हणजे आरामाचं. मी म्हटलं, बसा मग. त्या फरशीवर सतरंजी टाकून मांडी घालून बसल्या. गुडघे जमिनीपासून वीतभर वर, पाठ कमानीसारखी. काहीही बदल न करता मी त्यांना मिनिटभर नुसते श्वास मोजायला सांगितले. घेतला आणि सोडला मिळून एक. 19 भरले. प्रत्येक श्वासाला खांदे वर जात होते, पोट हलत नव्हतं.

मग खाली घोंगडीच्या दोन घड्या दिल्या, दोन्ही गुडघ्यांखाली टॉवेल दिले आणि पाच मिनिटं तसंच बसू दिलं. मधे एकदा उजव्या पायाला मुंग्या आल्या म्हणून पाय बदलला. पुन्हा मिनिटभर मोजायला लावलं. 14. श्वासाबद्दल मी त्यांना अक्षरही सांगितलेलं नव्हतं, 'दीर्घ घ्या' नाही की 'सावकाश घ्या' नाही. बसणं बदललं आणि श्वास आपोआप लांबला. पोट आणि छातीच्या मधला पडदा हलायला जागा मिळाली, एवढंच.

त्या स्वतःच म्हणाल्या, "हे आसनच झालं की मग." झालंच होतं. प्राणायाम अजून सुरूही झालेला नव्हता.

बाकीच्या आसनांत हीच कसोटी

वर्गात सर ताडासन, वृक्षासन, भुजंगासन, पश्चिमोत्तानासन असं काही ना काही करवून घेतील. नावांची पाठांतरं पहिल्या आठवड्यात नकोत. प्रत्येक ठिकाणी पोचल्यावर एकच बघा, इथं मला नाकानं, आवाज न करता पाच श्वास घेता येतात का? येत असतील तर तुम्ही आसनात आहात. श्वास अडला, तोंड उघडलं, जबडा आवळला किंवा अंग थरथरायला लागलं, तर एक पाऊल मागं या आणि तिथं थांबा.

पश्चिमोत्तानासनात हे फार स्पष्ट दिसतं. पाय पसरून पुढं वाकायचं असतं. नवा माणूस शेजाऱ्याचे हात अंगठ्याला पोचले म्हणून आपणही ओढून पोचवतो. पाठ गोल होते, श्वास कोंडतो आणि दुसऱ्या दिवशी कंबर धरते. त्याऐवजी गुडघे थोडे वाकवा, हात नडगीवरच राहू द्या आणि श्वास चालू ठेवा. मांडीच्या मागं ताण जाणवणं ठीक आहे. गुडघ्यात, कमरेत किंवा मानेत टोचल्यासारखी, सुईसारखी कळ आली तर लगेच बाहेर या. स्नायूचा ताण सोडला की विरतो, सांध्याची कळ सोडल्यावरही मागं राहते. फरक ओळखायची सोपी खूण तीच.

प्राणायाम: शब्दात काय आहे

'प्राण' म्हटलं की मराठी माणसाला प्राण जाणं, प्राण कंठाशी येणं असलंच काही आठवतं. शब्दाच्या मुळाशी मात्र 'अन्' हा श्वास घेण्याचा धातू आहे. श्वास आणि त्याच्यावर चालणारं जगणं, दोन्ही त्यात आलं. दुसऱ्या अर्ध्याबद्दल गोंधळ जास्त आहे. बरेच जण 'प्राण अधिक यम', म्हणजे श्वासाला लगाम, अशी फोड करतात. पण तसं असतं तर शब्द 'प्राणयम' झाला असता. 'णा' दीर्घ आहे, कारण पुढं 'आयाम' आहे. आयाम म्हणजे आवरणं हा अर्थ आहेच, पण लांबी, विस्तार, ताणून लांब करणं हाही आहे. 'व्यायाम' त्याच कुळातला शब्द. नव्या माणसानं लांबी हा अर्थ धरावा असं माझं मत. आवरणं पुढचं काम, आणि ते समोर शिकवणारा असतानाच.

योगसूत्रांत प्राणायामाची व्याख्या 'तस्मिन् सति' या शब्दांनी सुरू होते. 'ते झालं असता', म्हणजे आसन साधलं असता. मग पुढं श्वास-प्रश्वासाच्या गतीचा विच्छेद, म्हणजे ती गती थांबवणं, येतं. मावशींना जे घोंगडीवर बसून कळलं ते सूत्रात दोन शब्दांत आहे.

या क्रमाबद्दल सगळ्यात काटेकोर राहिलेल्यांपैकी एक म्हणजे योगगुरू बी. के. एस. अय्यंगार. कोलार भागातल्या बेल्लूरचे. 1937 साली ते पुण्याला शिकवायला गेले, त्यात त्या काळी बेळगावला सिव्हिल सर्जन असलेल्या डॉ. व्ही. बी. गोखले यांचा वाटा होता. आसनं स्थिर झाल्याशिवाय ते बसून प्राणायाम देत नसत. सुरुवात आडवं झोपवून, पाठीखाली घडी घालून करायची, ही त्यांची पद्धत. झोपल्यावर पाठ ताठ ठेवायचा भार उरत नाही, सगळं लक्ष श्वासावर राहतं. बसून श्वास नीट होत नसेल तर लाज न बाळगता झोपूनच करा.

श्वास लांब कसा करायचा

पहिले पाच-सात दिवस फक्त बघा. बसा किंवा झोपा, डोळे मिटा, श्वास नाकानं येतो-जातो तो तसाच येऊ-जाऊ द्या. मिनिटभर मोजा आणि आकडा लक्षात ठेवा. मोठ्या माणसाचे शांत बसल्यावर साधारण 12 ते 20 भरतात.

मग मनात आकडे मोजत श्वास घ्या आणि सोडा. तुमच्या नेहमीच्या श्वासात घेताना तीनपर्यंत आणि सोडताना तीनपर्यंत आकडे होत असतील तर सुरुवात तिथूनच. घेणं तीनवरच ठेवा, सोडणं चार करा. दोन-तीन दिवस सहज गेलं की सोडणं पाच. नंतर घेणं चार, सोडणं सहा. आकडा सेकंदाला एक धरला तर हे मिनिटाला सहा श्वास होतात, आणि नव्या माणसाला महिनाभर एवढं भरपूर झालं. वेळ पाच मिनिटं. घेण्याला पूरक, सोडण्याला रेचक आणि थांबण्याला कुंभक म्हणतात. कुंभक पहिल्या महिन्यात करूच नका.

सोडणं आधी का लांबवायचं? श्वास घ्यायला जोर करता येतो, म्हणून नवा माणूस हवा ओढतो, खांदे उचलतो, गळ्यात आवाज काढतो. सोडण्यात जोर करून चालत नाही, ते सैल केल्यावरच लांबतं. आणि नीट रिकामं झालं की पुढचा श्वास आपोआप खोल येतो.

जास्त झालं हे कसं ओळखायचं तेही सोपं आहे. पाच मोजून सोडल्यावर पुढचा श्वास हपापल्यासारखा, झटक्यानं आत आला तर मोजणी तुमच्या आवाक्याबाहेर गेली. एक आकडा कमी करा. डोकं हलकं झालं, बोटांच्या टोकांना किंवा ओठांभोवती मुंग्या आल्या, तर ते 'शक्ती चढतेय' म्हणून आनंद मानू नका. तुम्ही गरजेपेक्षा जास्त हवा आत-बाहेर करताय आणि रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी पडलाय. मोजणं सोडा, साधा श्वास घ्या, दोन-तीन मिनिटांत ठीक होतं. खूप श्वास घेतला की खूप ऑक्सिजन मिळतो, हाही असाच एक समज. निरोगी माणसाचं रक्त शांत बसल्या जागीही 95 टक्क्यांहून जास्त भरलेलंच असतं. प्राणायामात हवेचा साठा वाढवायचा नसतो, गती सावकाश करायची असते.

हे जमल्यावर सर अनुलोम-विलोम देतील. उजव्या हाताची तर्जनी आणि मधलं बोट तळव्यात मिटा. अंगठा उजव्या नाकपुडीसाठी, अनामिका-करंगळी डाव्यासाठी. उजवी बंद, डावीनं घ्या. डावी बंद, उजवीनं सोडा. उजवीनंच घ्या, डावीनं सोडा. हे एक आवर्तन, अशी पाच. बोट नाकाच्या हाडाच्या खाली, मऊ भागावर टेकवा, दाबू नका. पूजेला चिमटीत नाक धरायची सवय इथं आड येते. सर्दीनं नाक चोंदलं असेल तर त्या दिवशी हे करू नका, दोन्ही नाकपुड्यांनी साधा श्वास करा.

आणि कपालभाती. नवीन आलेल्या दहांपैकी सहा-सात जण "मी घरी प्राणायाम करतो की" म्हणतात तेव्हा कपालभातीच म्हणत असतात. टीव्हीवर तसंच दिसतं. पण हठप्रदीपिका तिला षट्कर्मांत, म्हणजे शुद्धिक्रियांत, धौती-नेतीच्या शेजारी बसवते. आठ कुंभकांच्या, म्हणजे प्राणायामाच्या प्रकारांच्या, यादीत ती नाही. प्राणायाम म्हणजे श्वास लांबवणं आणि कपालभाती म्हणजे पोटाच्या झटक्यांनी तो तोडून तोडून बाहेर टाकणं. दोन्हींची दिशा उलटी. पहिल्या वर्गात ती चालू झालीच तर तुम्ही नुसते बसून बघा. रक्तदाब, हर्निया, गरोदरपण असेल तर नंतरही करू नका.

मावशी तिसऱ्या आठवड्यात चार-सहावर आल्या, घोंगडीची एक घडी कमी झाली. घरी मागावर बसतानाही त्या आता बुडाखाली पोतं दुमडून घेतात. प्राणायाम झाल्यावर लगेच उठू नका, पाच मिनिटं पाठीवर झोपून शवासन करा, मग कुशीवर वळून हाताच्या आधारानं उठा. चहा त्यानंतर, पंधरा-वीस मिनिटांनी.